भटजी, वेळ कोणती धरायची?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या आळीत एकच प्रश्न या घरातून त्या घरात फिरू लागतो, "लक्ष्मीपूजन किती वाजता?" उत्तर बहुधा भटजीबुवांकडून येते आणि ते एका आकड्यात येते. "सव्वासहा." किंवा, "आठ वाजून दहा मिनिटांनी तयार राहा." आणि मग त्या आकड्याभोवती सारे घर धावू लागते. दुकानात अडकलेला यजमान धावतो, स्वयंपाकघरातल्या बाया धावतात, आणि ज्यांना धावता येत नाही अशी म्हातारी माणसे भिंतीला टेकून भुकेली वाट पाहत बसतात.

हा आकडा येतो कोठून? तो आकाशातून किती येतो, पंचांगातून किती येतो आणि भटजींच्या त्या दिवशीच्या यादीतून किती येतो? हा प्रश्न विचारण्याची सोय आपल्याला फार जुनी नाही. तिचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला, तर यंदाची वेळ ठरवताना त्याचा उपयोग होईल.

पूर्वी वेळ दिसत असे. मांडवात पाण्याने भरलेले घंगाळ ठेवीत आणि त्यात तांब्याची एक हलकी वाटी तरंगत सोडीत. वाटीच्या बुडाला बारीकसे छिद्र. त्यातून पाणी हळूहळू वर चढे आणि वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. हे घटिकापात्र. अहोरात्रात ते साठ वेळा बुडावे अशा बेताने त्याचे वजन आणि छिद्र साधलेले असे. म्हणजे आजच्या मापाने एक घटका चोवीस मिनिटांची आणि दोन घटकांचा एक मुहूर्त, अठ्ठेचाळीस मिनिटांचा. 'घटका भरली' हा आपला वाक्प्रचार या बुडणाऱ्या वाटीने दिला आहे.

यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुहूर्त हा मुळात क्षण नव्हे, तो काळाचा एक तुकडा आहे. दिवसाचे पंधरा आणि रात्रीचे पंधरा असे तीस तुकडे. पूजाअर्चेला जी वेळ शास्त्रकार सांगतात, तीही अशाच लांबलचक तुकड्यांत सांगतात. दिवसाचे त्यांनी पाच भाग केले: प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्ण आणि सायाह्न. प्रत्येक भाग तीन मुहूर्तांचा, म्हणजे सव्वादोन-अडीच तासांचा. गणपतीची स्थापना मध्याह्नी, श्राद्ध अपराह्णी आणि लक्ष्मीपूजन प्रदोषी. प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचे रात्रीचे पहिले तीन मुहूर्त. लग्नाचा किंवा गृहप्रवेशाचा लग्नमुहूर्त तेवढा पळापळाने मोजावा लागतो. नेहमीच्या पूजांना शास्त्राने चांगले ऐसपैस अंगण दिलेले आहे. त्या अंगणात पाट नेमका कोठे मांडायचा, हे माणसांनी ठरवायचे असते.

पण कोणत्या माणसांनी? इथे इतिहास जरा कडू आहे. गावगाड्यात ग्रामजोशी हा वतनदार. पंचांग त्याचे, तिथी सांगण्याचा मान त्याचा आणि गावातल्या धर्मकृत्यांची दक्षिणाही त्याची. तो सांगेल ती वेळ. दुसऱ्या भिक्षुकाला बोलावले किंवा कोणालाच न बोलावता कार्य उरकले, तरी जोशी आपला हक्क मागत कोर्टात जाऊ शके आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी असे हक्क मान्यही केलेले आहेत. ज्याची दक्षिणा ठरलेली आणि बुडणारी नाही, त्याला 'महाराज, आमच्या आजीला त्या वेळी जमत नाही' असे कोण सांगणार, आणि सांगितले तरी त्याने का ऐकावे? महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि समाजाच्या मंडळींनी ब्राह्मणावाचून लग्ने लावली, त्या भांडणात हा वतनाचा प्रश्नही होता. पुढे १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदा होऊन, ज्याच्याकडून सेवा घेतली नाही त्याला दक्षिणा देण्याचे बंधन सुटले. यजमान आणि भटजी समोरासमोर बसून वेळेची वाटाघाट करू लागले, ते खऱ्या अर्थाने त्यानंतर. म्हणजे ही मोकळीक उणीपुरी शंभर वर्षांची आहे.

दुसरा गोंधळ घातला घड्याळाने. घटिकापात्र सूर्याशी बांधलेले होते. गावाचा सूर्य उगवला की गावाची पहिली घटका सुरू. घड्याळ आले ते आगगाडीशी बांधलेले. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला एक प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने आपली स्वतःची वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. एकाच शहरात रेल्वेच्या घड्याळात सात वाजलेले आणि मंडईच्या घड्याळात सहा वाजून एकवीस मिनिटे, असा प्रकार कित्येक वर्षे चालला. त्यावर कडी झाली महायुद्धात. १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने सगळी घड्याळे एक तास पुढे करायला लावली आणि १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तो 'नवा टाइम' चालू राहिला.

या नव्या टायमाची एक हकीकत आमच्या आजीने अनेकदा सांगितली. १९४३ सालचा उन्हाळा. साताऱ्याकडच्या एका खेड्यात तिच्या वडिलांनी नवे घर बांधले होते आणि त्याची वास्तुशांत होती. आजी तेव्हा तेरा वर्षांची. जोशीबुवांनी पंचांगातल्या घटका-पळांवरून हिशेब करून सांगितले, "सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी कलश घेऊन आत यायचे." जोशीबुवांचे घड्याळ सरकारी नियमाप्रमाणे पुढे केलेले. पोस्टकार्डे गेली, त्यांवर वेळ लिहिली नऊ-चाळीस. जुना टाइम की नवा, हे कोणी लिहिले नाही.

आजीच्या वडिलांचे थोरले चुलते तीन कोसांवर राहत. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या हातूनच नव्या देवघरात पहिला दिवा लागावा, असे घरात ठरलेले होते. त्यांच्या कमरेचे घड्याळ मात्र त्यांनी पुढे केलेले नव्हते. 'सूर्य काय लाटसाहेबाला विचारून उगवतो?' असे ते म्हणत. आपल्या घड्याळाप्रमाणे साडेनवाला, म्हणजे चांगली दहा मिनिटे राखून, त्यांची बैलगाडी दारात उभी राहिली. गावात तेव्हा साडेदहा झाले होते. कलश आत जाऊन पन्नास मिनिटे उलटली होती आणि देवघरातला दिवा दुसऱ्या कोणीतरी लावला होता.

म्हातारा रागावला नाही, आजी म्हणे. रागावला असता तर बरे झाले असते. तो ओसरीवर बसला, जाताना फक्त पाणी प्याला आणि जेवायचे नाही म्हणाला. उपाशीच आला होता, दिवा लावायचा म्हणून. त्याच पावसाळ्यात तो गेला. आजीच्या वडिलांनी पुढे आयुष्यभर कोणत्याही कार्याचे पत्र लिहिताना वेळेच्या जोडीला कंसात आणखी एक ओळ लिहिली: 'उन्हे अंगणात तुळशीपाशी येतात तेव्हा.'

या हकीकतीत चूक कोणाची होती? मुहूर्त बरोबर होता. जोशीबुवांचे गणित बरोबर होते. ज्या माणसासाठी वेळ राखायची, त्याच्या घड्याळात किती वाजतात हे विचारायचे तेवढे राहून गेले होते. आता एकच टाइम आहे, घड्याळे साऱ्यांची सारखी चालतात. तरीही म्हाताऱ्या माणसांचे घड्याळ निराळे असतेच. ते औषधाचे असते, जेवणाचे असते, उजेडाचे असते.

अलीकडचेच एक उदाहरण सविस्तर सांगतो. २०२४ सालच्या दिवाळीत लक्ष्मीपूजन कोणत्या दिवशी, यावरच वाद माजला होता. आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागत होती आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सहा वाजून सोळा मिनिटांनी संपत होती. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी पहिला दिवस धरला, महाराष्ट्रातल्या प्रमुख पंचांगांनी दुसरा. दोन्ही संध्याकाळी अमावास्या प्रदोषाला स्पर्श करीत असेल तर दुसरा दिवस घ्यावा, असे धर्मसिंधूत म्हटले आहे. हा ग्रंथ आपल्या पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचला आणि महाराष्ट्रातले भटजी आजही अडले की तोच उघडतात. सूर्यास्तानंतर एका घटकेहून अधिक अमावास्या असेल तर मुळी संशयच नाही, असेही त्यात आहे. आता गंमत पाहा. त्या दिवशी नागपूरला सूर्य सुमारे पाच वाजून अडतीस मिनिटांनी मावळला, म्हणजे पुढे अडतीस मिनिटे अमावास्या, दीड घटकेहून जास्त. नागपूरकर निःसंशय. मुंबई-ठाण्याला सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास, म्हणजे उरली अकरा मिनिटे, अर्धी घटकाही नाही. संशय सारा पश्चिमेच्या वाट्याला.

ठाण्यातल्या आमच्या एका नातलगांकडे त्या दिवशी हीच अकरा मिनिटे येऊन बसली. घरात कोणाच्या तरी मोबाइलवर निरोप आला की पूजा सहा-पाच ते सहा-सोळा या वेळातच झाली पाहिजे, पुढे तिथी नाही. यजमानाचे हार्डवेअरचे दुकान. तिथे वहीपूजन व्हायचे, तेही त्याच भटजींकडून. आत्याबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. साडेसातला जेवणाआधी त्यांना इन्शुलिनची सुई घ्यावी लागते, आणि सुई घेऊन ताट पुढे आले नाही तर काय होते हे घराने एकदा गौरीच्या दिवशी पाहिले होते. मामा एकोणऐंशीचे, डोंबिवलीहून येणार आणि साडेआठच्या आत परत गाडीत बसणार, कारण रात्री त्यांना पायऱ्या नीट दिसत नाहीत. भटजींनी यादी करून कळवले होते: सहा ते आठ दुकाने, घरची पूजा सव्वाआठला.

म्हणजे मोबाइल म्हणतो सव्वासहाच्या आत, भटजी म्हणतात सव्वाआठ. सुनेने भटजींना फोन लावला. तिने विचारले ते मला फार आवडले. 'मुहूर्त किती वाजता?' असे तिने विचारले नाही. ती म्हणाली, "गुरुजी, आपल्या घरची पूजा लवकरात लवकर केव्हा सुरू झालेली चालेल आणि उशिरात उशिरा केव्हापर्यंत?"

या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. भटजी सज्जन होते. त्यांनी सांगितले ते असे. तिथी पाहायची ती दिवस ठरवण्यासाठी. प्रदोषाला तिने स्पर्श केला, दिवस ठरला. मग त्या कर्मापुरती ती पूर्ण आहे असे धरतात, शास्त्रकार तिला साकल्यापादिता म्हणतात. वेळ ठरवायची ती प्रदोषावरून. सूर्यास्त सहा-पाचला, दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय सहा-एकोणचाळीसला. रात्र झाली बारा तास चौतीस मिनिटांची. तिचा पंधरावा भाग पन्नास मिनिटांचा आणि असे तीन भाग म्हणजे अडीच तास. तेव्हा सहा-पाचपासून साडेआठ वाजून गेल्यावर पाच-एक मिनिटांपर्यंत केव्हाही बसा. अकरा मिनिटांची धावपळ कोणी सांगितली?

"मग सव्वाआठ हा मुहूर्त नव्हे?" सुनेने विचारले.

"सव्वाआठ ही माझी सोय, बाई," भटजी हसून म्हणाले. "दुकाने ओळीने आहेत, तुमचा जिना शेवटी. माझे वय अडुसष्ट. दोनदा चढायला नको म्हणून."

इथे वाटाघाटीला खरी सुरुवात झाली. म्हातारे माणूस दोन्ही बाजूंना असते, हे यजमान लोक विसरतात. सुनेने तिन्ही अडचणी सांगितल्या: आत्याबाईंची सुई साडेसात, मामांची गाडी साडेआठच्या आत, दुकान दहा मिनिटांच्या वाटेवर. पूजेला किती वेळ लागेल हेही तिने विचारून घेतले. घरची पूजा, म्हणजे आचमन-संकल्पापासून गणपती, कलश, मग लक्ष्मी-कुबेराचे षोडशोपचार, नैवेद्य, आरती आणि मंत्रपुष्प, पस्तीस-चाळीस मिनिटे. वहीपूजन अर्धा तास.

ठरले ते असे. पहिले वहीपूजन यजमानाच्याच दुकानात, सहा-दहा ते सहा-चाळीस. तिथून यजमानाने भटजींना आपल्या गाडीतून घरी आणायचे. सहा-पन्नासला संकल्प, सव्वासातला नैवेद्य, साडेसातच्या आत आरती. मग यजमानाच्या मुलाने भटजींना पुढच्या दुकानांवर सोडायचे. ती दोन्ही दुकाने एकाच इमारतीत होती. पहिल्याचे पूजन पावणेआठला सुरू आणि दुसऱ्याचा संकल्प सव्वाआठला. तीही वेळ प्रदोषाच्या आतलीच. भटजींना ओळ मोडावी लागली, पण चालणे वाचले. दोन्ही दुकानदारांना त्यांनी स्वतः कळवले.

एक गोष्ट भटजींनी आपण होऊन सुचवली. चाळीस मिनिटे पाटावर बसणे यजमान दांपत्याचे काम. म्हाताऱ्यांनी संकल्पाच्या वेळी खुर्चीवरून अक्षता वाहाव्यात, मग खुशाल आतल्या खोलीत आडवे व्हावे आणि आरतीला बाहेर यावे. आत्याबाई म्हणाल्या, "प्रसादाआधी मी काही खाणार नाही आणि सुईही घेणार नाही." त्यावर भटजींचे उत्तर असे: पाणी, कंद, फळ, दूध, हवी, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, हे जुन्या निबंधकारांनी लिहून ठेवले आहे. "औषध त्यात आहे आणि गुरूची आज्ञाही आहे. मी आज्ञा करतो, साडेपाचला एक पेलाभर दूध घ्या." आत्याबाईंना डॉक्टर पाच वर्षे जे सांगत होते, ते भटजींनी एका वाक्यात पटवले. अर्थात सुईची वेळ आणि दूध दोन्ही डॉक्टरांना विचारून घेतले होते, हेही सांगितले पाहिजे. त्यात भटजींचा अधिकार नाही आणि त्यांनी तो सांगितलाही नाही.

बेत सगळा तडीला गेला का? अगदी नाही. दुकानात एक गिऱ्हाईक अडून बसले आणि घरी संकल्पाला सातला पाच कमी झाले. पण आधीच ठरले होते की उशीर झालाच तर षोडशोपचार थोडक्यात आटपायचे, म्हाताऱ्यांची वेळ ढळू द्यायची नाही. सात-अठ्ठावीसला आरतीचे तबक आत्याबाईंच्या हातात होते, साडेसातला सुई, आणि पाठोपाठ ताट. मामा आठ वाजता कंदील बघत बघत उजेडातून जिना उतरले.

या साऱ्या हकीकतीतून मला कळले ते एवढेच. भटजींनी एकच मिनिट सांगितले आणि त्याला शेवट सांगितला नाही, तर तो आकडा बहुधा त्यांच्या यादीचा असतो. काळाला आरंभ आणि शेवट दोन्ही असतात. मोबाइलवर किंवा परगावच्या पंचांगात वेळ पाहिली, तर आधी त्यात सूर्यास्त किती लिहिला आहे ते पाहावे. तो आपल्या गच्चीवरच्या सूर्यास्ताशी जुळत नसेल, तर ती वेळ दुसऱ्याच गावची. आणि गृहप्रवेशासारखा खरोखर पळांचा मुहूर्त असेल, तर भटजी तो हलवू शकत नाहीत, त्यांच्यावर रागावू नये. तिथे म्हाताऱ्या माणसांना आदल्या रात्रीच घरी आणून ठेवावे. त्याला दुसरा उपाय नाही. सत्यनारायणासारख्या पूजेला मात्र बंधन फार थोडे. ती संध्याकाळी सांगितली आहे खरी, पण सकाळी करणारी घरेही पुष्कळ आहेत आणि भटजी त्याला नाही म्हणत नाहीत.

आजीच्या माहेरचे ते घटिकापात्र आता आमच्याकडे आहे. तांबे काळवंडले आहे, छिद्र मात्र शाबूत. गेल्या दिवाळीत मुलांसाठी ते घंगाळात सोडले. भरायला तेवीस मिनिटे लागली. मुले म्हणाली, चूक आहे, एक मिनिट कमी. मी म्हटले, असू दे. त्या मिनिटाभराने कोणाचा दिवा हुकला नसता. हुकला तो एका तासाने, आणि तोही कोणी विचारले नाही म्हणून.